साडेचौदा आणि एकोणीस मिळून चोवीस

२४ व्होल्टच्या एसी पुरवठ्यावर २४० ओहमचा एक रेझिस्टर आणि १ हेन्रीची एक कॉइल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडली आणि मल्टिमीटरने मोजायला सुरुवात केली, की एक चमत्कारिक हिशेब समोर येतो. रेझिस्टरच्या दोन टोकांवर मीटर १४.६ व्होल्ट दाखवतो. कॉइलच्या टोकांवर १९.१ व्होल्ट दाखवतो. दोन्हींची बेरीज ३३.७ होते, आणि पुरवठ्याच्या टोकांवर मीटर लावला तर आकडा मात्र २४ च राहतो. बॅटरीवर दोन रेझिस्टर जोडले असते तर दोन आकड्यांची बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजइतकीच आली असती. येथे जवळजवळ दहा व्होल्ट जास्त निघतात, तरीही मीटर बिघडलेला नसतो आणि जोडणीही चुकलेली नसते.

या कोड्याचे उत्तर एका छोट्या चित्रात मावते. त्या चित्राला फेजर आकृती म्हणतात. तीन बाण काढून त्यांचा एक काटकोन त्रिकोण तयार करायचा, इतकेच त्यात असते; पण त्या त्रिकोणावरून कोणते व्होल्टेज कोणाच्या पुढे धावते, कोण मागे राहते, आणि साडेचौदा व एकोणीस मिळून चोवीस कसे होतात, हे सगळे कळते.

आधी मीटर काय दाखवतो ते पाहायला हवे. एसी पुरवठ्याचे व्होल्टेज स्थिर नसते. भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे व्होल्टेजचे एक पूर्ण आवर्तन २० मिलिसेकंदांत होते. तेवढ्या वेळात ते शून्यावरून एका शिखरापर्यंत चढते, परत शून्यावर येते, उलट दिशेच्या शिखरापर्यंत जाते आणि पुन्हा शून्यावर पोहोचते. मीटरवरचा २४ हा आकडा या सगळ्या चढउताराचा एक प्रातिनिधिक आकडा असतो. त्याला आरएमएस मूल्य म्हणतात. साइन लहरीचे शिखर आरएमएस मूल्याच्या १.४१४ पट असते, त्यामुळे २४ व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर ३३.९ व्होल्टवर असते. मीटर उंची सांगतो, पण ती उंची आवर्तनाच्या कोणत्या क्षणी गाठली जाते हे सांगत नाही. कोड्याची किल्ली नेमकी त्या न सांगितलेल्या वेळेत आहे.

क्षणोक्षणीचे व्होल्टेज पाहिले तर बेरजेत कोठेही गडबड नसते. वरच्याच सर्किटमध्ये प्रवाह शिखरावर असतो त्या क्षणी रेझिस्टरवर २०.६ व्होल्ट असतात, कॉइलवर शून्य असते आणि पुरवठ्याचे व्होल्टेज त्या क्षणी बरोबर २०.६ असते. प्रवाह शून्यातून वर जात असतो त्या क्षणी रेझिस्टरवर शून्य असते, कॉइलवर २७ व्होल्ट असतात आणि पुरवठाही २७ वर असतो. पुरवठा आपल्या ३३.९ च्या शिखरावर असतो तेव्हा रेझिस्टरचा वाटा १२.५ आणि कॉइलचा २१.४ असतो. प्रत्येक क्षणी बेरीज चोख जुळते. जुळत नाही ती फक्त शिखरांची बेरीज, कारण दोघांची शिखरे एकाच वेळी येत नाहीत. आरएमएस आकडे शिखरांच्याच प्रमाणात असतात, म्हणून त्यांचीही साधी बेरीज करता येत नाही.

वेगवेगळ्या वेळी शिखर गाठणाऱ्या दोन लहरींची बेरीज आलेखावर काढणे शक्य असते, पण फार कष्टाचे. फेजरने हे काम सोपे होते. साइन लहर म्हणजे एका ठराविक वेगाने गोल फिरणाऱ्या बाणाच्या टोकाची वरखाली होणारी उंची, असे समजता येते. बाणाची लांबी हे लहरीचे मोठेपण आणि बाणाचा कोन ही आवर्तनातली तिची जागा. एक आवर्तन म्हणजे एक फेरी, म्हणजेच ३६० अंश. ५० हर्ट्झला ही फेरी २० मिलिसेकंदांत पुरी होते, त्यामुळे पाव फेरीला, म्हणजे ९० अंशांना, ५ मिलिसेकंद लागतात. एकाच सर्किटमधील सर्व लहरी ५० हर्ट्झच्याच असल्याने सर्व बाण एकाच वेगाने फिरतात आणि त्यांच्यातले कोन कधी बदलत नाहीत. म्हणून फिरणे विसरून जाऊन एका क्षणी त्या सर्व बाणांचे जणू छायाचित्र घ्यायचे. ते छायाचित्र म्हणजे फेजर आकृती. बाणांची लांबी शिखराऐवजी आरएमएस मूल्याची घेण्याचा प्रघात आहे, कारण मीटर तेच दाखवतो.

बाण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात असे सर्वत्र मानले जाते. एवढा एक संकेत पक्का ठेवला की पुढे आणि मागे या शब्दांचा घोळ होत नाही. एका बाणापासून निघून काट्यांच्या उलट दिशेने वळत गेल्यावर दुसरा बाण लागला, तर दुसरा बाण पहिल्याच्या पुढे आहे, म्हणजे त्याचे शिखर आधी येते. काट्यांच्या दिशेने वळून लागला तर तो मागे आहे. पहिला बाण आडवा, उजवीकडे तोंड करून काढला असेल तर वर गेलेला बाण पुढे आणि खाली गेलेला बाण मागे, असे लक्षात राहते.

पहिला आडवा बाण कोणाचा घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. सिरीज सर्किटमध्ये त्याचे उत्तर ठरलेले आहे: प्रवाहाचा. एकापुढे एक जोडलेल्या भागांतून एकच प्रवाह वाहतो, रेझिस्टरमधून जो जातो तोच कॉइलमधून जातो. व्होल्टेज मात्र प्रत्येकाचे निराळे असते. जे सर्वांना समान आहे तेच मोजमापाचा आधार म्हणून घेणे सोयीचे. नवशिक्या विद्यार्थ्यांच्या वहीतल्या बिघडलेल्या फेजर आकृत्या पाहिल्या तर बहुतेकांत सुरुवात पुरवठ्याच्या व्होल्टेजपासून केलेली असते आणि मग रेझिस्टरचा बाण कोणत्या कोनात काढायचा तेच कळेनासे होते. तो कोन तर शोधायचा असतो! प्रवाहापासून सुरुवात केली की काहीही आधी माहीत असण्याची गरज उरत नाही.

रेझिस्टरचे काम सोपे आहे. त्याचे व्होल्टेज प्रत्येक क्षणी प्रवाहाच्या प्रमाणात असते. प्रवाह वाढला की ते वाढते, प्रवाह शून्य झाला की तेही शून्य होते. दोघांची शिखरे एकत्र येतात. म्हणून रेझिस्टरच्या व्होल्टेजचा बाण प्रवाहाच्या बाणावरच, त्याच दिशेने काढायचा.

कॉइलचे तसे नसते. कॉइलमधून जाणारा प्रवाह बदलला की तिच्यातले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्या बदलामुळे तिच्या टोकांवर व्होल्टेज निर्माण होते. हे व्होल्टेज प्रवाह किती आहे यावर ठरत नाही, तो किती वेगाने बदलतो आहे यावर ठरते. साइन लहर शिखरावर पोहोचते तेव्हा क्षणभर ती वरही जात नसते आणि खालीही येत नसते, म्हणजे बदलाचा वेग शून्य असतो. त्या क्षणी कॉइलवर व्होल्टेज नसते. लहर शून्य ओलांडून वर जात असताना तिचा चढ सर्वांत तीव्र असतो. त्या क्षणी कॉइलचे व्होल्टेज शिखरावर असते. आता प्रवाह शून्यातून वर निघाल्यावर त्याला स्वतःच्या शिखरावर पोहोचायला आणखी पाव आवर्तन, म्हणजे ५ मिलिसेकंद लागतात. कॉइलचे व्होल्टेज तोवर आपले शिखर गाठून शून्यावर उतरलेले असते. याचा अर्थ कॉइलचे व्होल्टेज प्रवाहाच्या ९० अंश पुढे असते. आकृतीत त्याचा बाण आडव्या बाणाला काटकोन करून सरळ वर जातो.

या बाणांच्या लांबी काढायच्या तर प्रवाह माहीत हवा. कॉइल एसी प्रवाहाला जो अडथळा करते त्याला रिअॅक्टन्स म्हणतात आणि तो वारंवारता व हेन्रीतील मूल्य यांच्या गुणाकारावरून मिळतो:

X_L = 2πfL

५० हर्ट्झसाठी 2πf म्हणजे ३१४, त्यामुळे १ हेन्रीच्या कॉइलचा रिअॅक्टन्स ३१४ ओहम. मात्र २४० आणि ३१४ यांची बेरीज करून ५५४ ओहम म्हणता येत नाही, कारण पहिल्याच परिच्छेदातली अडचण येथेही लागू आहे. दोन अडथळे एकमेकांना काटकोनात आहेत. म्हणून दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे. ते ३९५ ओहम येते. याला सर्किटचा इम्पिडन्स म्हणतात. २४ व्होल्टला ३९५ ने भागले की प्रवाह मिळतो ६०.७ मिलिअँपिअर. हाच प्रवाह २४० ओहमच्या रेझिस्टरवर १४.६ व्होल्ट आणि ३१४ ओहमच्या कॉइलवर १९.१ व्होल्ट तयार करतो.

आता कागद, फूटपट्टी आणि कोनमापक घ्यायला हरकत नाही. १ सेंटिमीटर म्हणजे २ व्होल्ट असे प्रमाण धरले तर आकृती वहीच्या पानावर नीट बसते. प्रथम प्रवाहाची दिशा दाखवणारी एक आडवी फिकट रेघ ओढायची. तिच्यावर डाव्या टोकापासून ७.३ सेंटिमीटरचा बाण काढायचा; तो रेझिस्टरचा. त्या बाणाच्या उजव्या टोकापासून सरळ वर ९.५ सेंटिमीटरचा बाण काढायचा, तो कॉइलचा. दोन्ही बाण एकाच बिंदूतून काढून समांतरभुज चौकोन पुरा करण्याची रीतही पुस्तकांत असते आणि उत्तर तेच येते, पण एका बाणाच्या टोकाला दुसरा बाण जोडण्यात एक फायदा आहे. सर्किटमध्ये भाग जसे एकापुढे एक आहेत तसेच कागदावर बाण एकापुढे एक येतात. आता पहिल्या बाणाच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत तिसरा बाण जोडायचा. फूटपट्टीने मोजला तर तो १२ सेंटिमीटर भरतो. दोनने गुणले की २४ व्होल्ट. हाच पुरवठ्याचा बाण, आणि हाच तो व्होल्टेज त्रिकोण: पाया रेझिस्टरचा, उभी बाजू कॉइलची, कर्ण पुरवठ्याचा. शाळेतले पायथागोरसचे प्रमेय त्याला जसेच्या तसे लागू होते:

V² = V_R² + V_L²

काटकोन त्रिकोणात कोणतीही बाजू कर्णापेक्षा मोठी नसते, त्यामुळे अशा सर्किटमध्ये रेझिस्टर किंवा कॉइल यांपैकी एकट्यावर पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज दिसले, तर मोजण्यात चूक आहे किंवा सर्किटमध्ये कॉइलबरोबर कपॅसिटरही दडलेला आहे, असे समजावे.

पाया आणि कर्ण यांमधला कोन कोनमापकाने मोजला तर साधारण ५२.५ अंश येतो, गणिताने ५२.६. हा कोन सांगतो की पुरवठ्याचे व्होल्टेज प्रवाहाच्या ५२.६ अंश पुढे आहे. वेळेत रूपांतर करायचे तर २० मिलिसेकंदांचा ५२.६/३६० वा भाग घ्यायचा, तो २.९ मिलिसेकंद येतो. पुरवठ्याचे शिखर आधी येते आणि त्यानंतर २.९ मिलिसेकंदांनी प्रवाहाचे. रेझिस्टर एकटा असता तर हा कोन शून्य असता, कॉइल एकटी असती तर ९०. दोघे मिळून तो मध्ये कोठेतरी येतो आणि जो अडथळा मोठा त्याच्या बाजूला झुकतो.

वीज मंडळाच्या आणि कारखान्यांच्या भाषेत हीच गोष्ट उलट टोकाने सांगतात. तेथे आधार व्होल्टेजचा असतो, म्हणून "प्रवाह मागे आहे" किंवा "लॅगिंग" असे म्हणतात. व्होल्टेज प्रवाहाच्या पुढे आणि प्रवाह व्होल्टेजच्या मागे ही दोन वाक्ये एकाच कोनाची आहेत. पायाला कर्णाने भागले की येणारा आकडा, येथे १४.६ भागिले २४ म्हणजे ०.६१, हाच पॉवर फॅक्टर. सर्किटमध्ये खरोखर खर्च होणारी शक्ती काढायची तर व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या गुणाकाराला या आकड्याने गुणावे लागते. त्यावरून ती ०.८८ वॉट येते आणि सगळी रेझिस्टरमध्येच उष्णता होऊन जाते. म्हणून प्रयोगासाठी रेझिस्टर निदान २ वॉटचा घ्यावा.

त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना प्रवाहाने, म्हणजे ०.०६०७ ने भागले तर २४०, ३१४ आणि ३९५ हे आकडे मिळतात. आकार तोच, फक्त बाजू व्होल्टऐवजी ओहममध्ये. त्याला इम्पिडन्स त्रिकोण म्हणतात. तो निराळा विषय म्हणून पाठ करण्यात अर्थ नाही. हे बाण संख्यांच्या भाषेत लिहिण्याची पद्धत चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत मांडली. त्यात आडवा भाग साध्या संख्येने आणि उभा भाग j या खुणेने लिहितात. आज तीच पद्धत सर्वत्र वापरली जाते. पण j चा अर्थ कळायचा असेल तर हात या त्रिकोणावरून आधी एकदा फिरलेला असावा.

आता कॉइल काढून तिच्या जागी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडायचा. तो एसीवर चालणारा, ध्रुव नसलेला हवा. अधिक-उणे खुणा असलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एसीवर फुटू शकतो. छताच्या पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सर्रास वापरतात. तसे चार कपॅसिटर समांतर जोडले की नेमके १० मायक्रोफॅरड होतात.

कपॅसिटरचे व्होल्टेज त्यात साठलेल्या विद्युतभारावर ठरते आणि भार प्रवाहाने साठत जातो. नळ चालू असलेल्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीसारखे हे असते. नळाची धार सर्वांत जोरात असते तेव्हा पातळी सर्वांत उंच नसते. ती अजून वेगाने वर चढत असते. धार मंदावत गेली तरी पातळी वाढतच राहते, आणि धार पूर्ण थांबून पाणी उलट बाहेर जाऊ लागण्याच्या क्षणी पातळी सर्वांत उंच असते. प्रवाहाचे शिखर आधी आणि कपॅसिटरच्या व्होल्टेजचे शिखर पाव आवर्तनानंतर, म्हणजे ५ मिलिसेकंद उशिरा. म्हणून कपॅसिटरचे व्होल्टेज प्रवाहाच्या ९० अंश मागे असते. आकृतीत त्याचा बाण सरळ खाली जातो.

कपॅसिटरचा रिअॅक्टन्स वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो:

X_C = 1/(2πfC)

१० मायक्रोफॅरडसाठी ५० हर्ट्झला तो ३१८ ओहम येतो. २४० आणि ३१८ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ३९८ ओहम, प्रवाह ६०.२ मिलिअँपिअर, रेझिस्टरवर १४.५ व्होल्ट आणि कपॅसिटरवर १९.२ व्होल्ट. आडवा बाण ७.२ सेंटिमीटरचा, त्याच्या टोकापासून खाली ९.६ सेंटिमीटरचा, आणि कर्ण पुन्हा १२ सेंटिमीटरचा. कोन ५३ अंश, पण या वेळी आडव्या रेषेच्या खाली. पुरवठ्याचे व्होल्टेज प्रवाहाच्या ५३ अंश मागे आहे; किंवा विद्युत अभियंत्यांच्या भाषेत प्रवाह पुढे, "लीडिंग".

हे दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की एक महत्त्वाची गोष्ट दिसते. कॉइलच्या सर्किटमध्ये मीटरने १४.६, १९.१ आणि २४ हे आकडे दिले, कपॅसिटरच्या सर्किटमध्ये १४.५, १९.२ आणि २४. झाकलेल्या पेटीत कोणते सर्किट आहे हे या तीन आकड्यांवरून कोणालाही सांगता येणार नाही. व्होल्टमीटर त्रिकोणाच्या बाजूंची लांबी देतो, पण त्रिकोण रेषेच्या वर आहे की खाली हे तो देऊ शकत नाही. पुढे की मागे, हा प्रश्न सोडवायला वेळ पाहणारे उपकरण लागते. दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप त्यासाठी उत्तम. रेझिस्टर सर्किटच्या अशा टोकाला ठेवायचा की त्याचे एक टोक आणि पुरवठ्याचे एक टोक समान असेल, आणि स्कोपची जमीन त्या समान बिंदूला जोडायची. एका चॅनेलवर पुरवठा, दुसऱ्यावर रेझिस्टर. रेझिस्टरचे व्होल्टेज प्रवाहाबरोबर चालते, म्हणून त्याची लहर म्हणजे प्रवाहाचीच लहर. स्कोपची जमीन बहुधा इमारतीच्या अर्थिंगशी जोडलेली असते. त्यामुळे हा प्रयोग थेट २३० व्होल्टवर कधीही करू नये, ट्रान्सफॉर्मरने वेगळ्या केलेल्या २४ व्होल्टवरच करावा.

पडद्यावर दिसणाऱ्या चित्रात एक जागा हमखास फसवते. उजवीकडे सरकलेली लहर पुढे गेली आहे असे डोळ्यांना वाटते. पण पडद्यावर डावी बाजू म्हणजे आधीची वेळ. जिचे शिखर डावीकडे, ती लहर आधी येते, म्हणजे तीच पुढे. कॉइलच्या सर्किटमध्ये पुरवठ्याचे शिखर रेझिस्टरच्या शिखराच्या डावीकडे २.९ मिलिसेकंदांवर दिसते, कपॅसिटरच्या सर्किटमध्ये तेवढ्याच अंतरावर उजवीकडे.

स्कोप हाताशी नसला तर मीटरच्या तीन आकड्यांवरूनही बरेच काही काढता येते, आणि त्यासाठी कंपास पुरतो. या वेळी पुरवठ्याची १२ सेंटिमीटरची रेघ आडवी काढायची. तिच्या डाव्या टोकावर कंपासचे टोक ठेवून रेझिस्टरच्या व्होल्टेजइतका, ७.३ सेंटिमीटरचा कंस काढायचा आणि उजव्या टोकावरून कॉइलच्या व्होल्टेजइतका, ९.५ सेंटिमीटरचा. दोन कंस दोन ठिकाणी छेदतात, एकदा रेघेच्या वर आणि एकदा खाली. मीटरला जे कळत नाही तेच येथे कागदावर उघड दिसते. आता डाव्या टोकापासून छेदनबिंदूकडे जाणारी रेघ म्हणजे प्रवाहाची दिशा. खालचा बिंदू निवडला तर प्रवाह पुरवठ्याच्या मागे, म्हणजे कॉइलचे सर्किट. वरचा निवडला तर कपॅसिटरचे.

याच रेघेला व्यास मानून वर आणि खाली मिळून एक पूर्ण वर्तुळ काढले तर दोन्ही छेदनबिंदू वर्तुळावरच पडतात. अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो, हे दहावीच्या भूमितीत शिकलेले असते. रेझिस्टर बदलत गेला तरी बिंदू वर्तुळ सोडत नाही. २४० ऐवजी १००० ओहम लावले तर रेझिस्टरवर २२.९ आणि कॉइलवर ७.२ व्होल्ट येतात, कोन १७ अंशांवर उतरतो आणि बिंदू वर्तुळावरून सरकत पुरवठ्याच्या टोकाजवळ जातो. ३१४ ओहम लावले तर दोन्हीकडे १७ व्होल्ट, कोन ४५ अंश, बिंदू अर्धवर्तुळाच्या बरोबर मध्यावर. दोन आकड्यांची साधी बेरीज तेव्हा सर्वांत जास्त, ३४ व्होल्ट होते.

पण खरी कॉइल मीटरखाली आली की बिंदू वर्तुळावर पडत नाही. कारण कॉइल तांब्याच्या तारेची असते आणि तारेला स्वतःचा रोध असतो. वरच्या कॉइलला ४० ओहमचा रोध आहे असे समजले, तर सर्किटचा एकूण रोध २८० ओहम होतो, प्रवाह ५७ मिलिअँपिअरवर येतो आणि मीटर रेझिस्टरवर १३.७ व कॉइलवर १८.१ व्होल्ट दाखवतो. या दोहोंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले तर २२.७ येते, पुरवठा मात्र २४. सव्वा व्होल्टची ही तफावत मीटरची चूक म्हणून सोडून दिली जाते, आणि ते खेदाचे आहे, कारण कॉइलबद्दलची सर्व माहिती तिच्यातच असते. कॉइलचे व्होल्टेज आता प्रवाहाच्या ९० नव्हे, ८२.७ अंश पुढे आहे. त्यातला थोडा भाग तारेच्या रोधामुळे प्रवाहाच्या दिशेने पडतो आणि उरलेला भाग खऱ्या अर्थाने काटकोनात असतो.

कंपासची रचना हा भाग थेट मोजून देते. या वेळी ६.८ आणि ९.० सेंटिमीटरचे कंस काढले तर छेदनबिंदू वर्तुळाच्या आत, सुमारे ७ मिलिमीटरवर पडतो. बिंदू आत पडला म्हणजे कॉइलला रोध आहे. डाव्या टोकापासून निघालेली रेझिस्टरची रेघ छेदनबिंदूच्या पुढे वाढवायची आणि पुरवठ्याच्या उजव्या टोकापासून तिच्यावर लंब टाकायचा. लंबाचा पायाही पुन्हा वर्तुळावरच येतो. वाढवलेला तुकडा १.१ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे सुमारे २.३ व्होल्ट. त्याला ५७ मिलिअँपिअरने भागले की ४० ओहम मिळतात. लंब ९ सेंटिमीटरच्या जवळ, म्हणजे १७.९ व्होल्ट, त्यावरून रिअॅक्टन्स ३१४ ओहम. तीन आकडे आणि कंपास यांवर कॉइलचा रोध आणि हेन्री दोन्ही निघतात. डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत याला तीन व्होल्टमीटरची पद्धत म्हणतात. कॉइल पुरवठ्यापासून सोडवून ओहममीटरने मोजली तर रोध यापेक्षा काहीसा कमी दिसू शकतो. लोखंडी गाभ्यात एसीमुळे होणारी उष्णतेची हानीही या तुकड्यात रोधाच्या रूपाने मिसळलेली असते आणि ओहममीटरला ती दिसत नाही. चांगल्या प्रतीच्या फिल्म कपॅसिटरमध्ये असली हानी इतकी कमी असते की बिंदू जवळजवळ वर्तुळावरच राहतो. म्हणून पहिला सराव आर-सी सर्किटवर केला तर आकडे समाधानकारक जुळतात.

मोजताना आणखी दोन ठिकाणी आकडे बिघडतात. २४ व्होल्टचा लहान ट्रान्सफॉर्मर हलक्या भारावर २४ पेक्षा जास्त व्होल्टेज देतो, म्हणून त्याच्यावर छापलेला आकडा न घेता सर्किट चालू असताना पुरवठाही मोजायचा. घरातल्या विजेचे व्होल्टेज दिवसभर वरखाली होत असल्याने तिन्ही मोजमापे लागोपाठ घ्यायची, आणि शेवटी पुरवठा पुन्हा मोजून तो हललेला नाही याची खात्री करायची.

फेजर आकृती एकाच वारंवारतेच्या साइन लहरीसाठी काढलेली असते. पुरवठ्याची लहर वाकडीतिकडी असेल, तर तिच्यात १५०, २५० हर्ट्झच्या लहरी मिसळलेल्या असतात आणि त्या प्रत्येकीसाठी कॉइलचा रिअॅक्टन्स निराळा असतो, कपॅसिटरचाही निराळा. एका त्रिकोणात ते सर्व बसत नाही. प्रत्येक वारंवारतेचा त्रिकोण वेगळा काढावा लागतो. तसेच बटण दाबल्यानंतरची पहिली काही आवर्तने आकृतीत येत नाहीत. वरच्या आर-एल सर्किटमध्ये सुरुवातीची अस्थिरता दर ४ मिलिसेकंदांत सुमारे एकतृतीयांशावर येते आणि साधारण एका आवर्तनात मावळते. त्यानंतर प्रवाह आपल्या ठरलेल्या लहरीत येतो, आणि त्रिकोण लागू होतो तो तेव्हापासून.